अनबॉक्सिंग आणि परीक्षणाची संहिता: वारेमाप स्तुती न करता प्रेक्षक धरून कसा ठेवावा?

कोरी_पाटी

नमस्कार. मी छोट्या विद्युत उपकरणांची परीक्षणे करणारी एक वाहिनी चालवते. सध्या एका पॉवर बँकेच्या व्हिडिओची संहिता लिहीत आहे आणि तिच्यात एका जागी अडले आहे, म्हणून हा धागा.

पहिल्या खर्ड्यात "जबरदस्त", "अप्रतिम", "या किमतीत तोड नाही" असे शब्द पानोपानी होते. ते सगळे काढून टाकल्यावर जे उरले ते एखाद्या माहितीपत्रकासारखे झाले: इतके वजन, इतकी क्षमता, इतकी तोंडे, इतका वेळ. खोटे त्यात काही नाही, पण मलाच ते पूर्ण वाचवत नाही, तर प्रेक्षक कशाला पाहील? विशेषणांशिवाय व्हिडिओत जीव कसा आणायचा, हा माझा प्रश्न आहे.

माझ्याकडची सामग्री अशी. खोक्याच्या पुढच्या बाजूला तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत छापल्या आहेत: 10,000 एमएएच, 22.5 वॅटचे जलद चार्जिंग, आणि "तुमचा फोन दोनदा पूर्ण चार्ज". माझ्या फोनची बॅटरी 5,000 एमएएचची आहे. पॉवर बँक पूर्ण भरून फोन शून्यापासून चार्ज केला. एकदा 100 टक्के झाला, आणि दुसऱ्या खेपेला 41 टक्क्यांवर पॉवर बँक संपली. यूएसबी मीटर लावून वेगळे मोजले, तेव्हा एकूण 31 वॅट-तास बाहेर आले. एकच फोन जोडला तर मीटरवर 9 व्होल्ट आणि साधारण 18 वॅट दिसतात. दुसरा फोन जोडताच आकडा 5 व्होल्टवर उतरतो आणि प्रत्येक फोनला 7 ते 8 वॅट मिळतात. खोक्यात पॉवर बँक, वीतभर लांबीची केबल आणि माहितीपत्रक आहे. वस्तू मी स्वतः विकत घेतली आहे.

ठरवलेला क्रम असा होता: स्वागत, खोके उघडणे, रचना आणि वजन, चार्जिंगचा वेग, क्षमता, फायदे, तोटे, निष्कर्ष.

ऊन_सावली

अनबॉक्सिंगच्या व्हिडिओत प्रेक्षक टिकतो तो चित्रणामुळे, असे माझे मत आहे. खोके वरून दिसेल असा कॅमेरा उलटा टांगावा, एका बाजूने मऊ प्रकाश द्यावा, आणि चकचकीत वेष्टनावर दिव्याचे प्रतिबिंब पडू नये म्हणून दिवा थोडा तिरका करावा. खोक्याचे झाकण सावकाश वर येतानाचा आवाज वेगळ्या मायक्रोफोनने नीट टिपला, तर तेवढ्यावरही लोक खिळून राहतात.

कोरी_पाटी

धन्यवाद. चित्रणाची बाजू मला बऱ्यापैकी जमली आहे. माझी अडचण संहितेची आहे. म्हणजे कोणते वाक्य कुठे यावे याची.

मोजपट्टी

तुमची सामग्री उत्तम आहे. कंटाळा येतो आहे तो क्रमामुळे. तुम्ही वस्तूच्या भागांचा क्रम घेतला आहे. रचना, वेग, क्षमता असा. त्या क्रमात एक मुद्दा संपल्यावर दुसरा ऐकण्याचे काही कारणच उरत नाही, कारण पहिल्यातून दुसऱ्याबद्दल प्रश्न निर्माण होत नाही. मग ती पोकळी भरायला विशेषणे आत येतात. मी संहिता लिहिताना खोक्यावरच्या दाव्यापासून सुरुवात करतो. दावा म्हणजे कुणीतरी दिलेले वचन, आणि ते पाळले गेले का हे जाणून घ्यायची उत्सुकता माणसाला आपोआप असते. ती वेगळी निर्माण करावी लागत नाही.

तुमच्याकडे तीन दावे आहेत, पण तिन्हींना सारखे वजन देऊ नका. कणा एकच असावा आणि तो "दोनदा पूर्ण चार्ज" हाच आहे, कारण खरेदी करणारा माणूस एमएएच विकत घेत नाही, तो एक-दोन चार्ज विकत घेतो. जलद चार्जिंगचा दावा मध्ये एक वळण म्हणून येईल. वजन आणि रचना यांना एकेक वाक्य पुरे, तेही कण्याशी जोडून.

सुरुवात अशी करून पाहा. मी संहिता नेहमी दृश्य आणि निवेदन अशा दोन भागांत लिहितो, म्हणजे बोलण्यात जे आहे त्याचा पुरावा त्याच क्षणी पडद्यावर आहे की नाही, हे लिहितानाच कळते.

दृश्य: खोक्याची पुढची बाजू जवळून. बोट "दोनदा पूर्ण चार्ज" या ओळीखाली.

निवेदन: "या खोक्यावर लिहिले आहे की फोन दोनदा पूर्ण चार्ज होईल. मी 5,000 एमएएचचा फोन शून्यापासून चार्ज करून पाहिला. दोनदा होत नाही."

दृश्य: फोनच्या पडद्यावर 41 टक्के. शेजारी पॉवर बँकेचा दिवा विझतो.

निवेदन: "दुसऱ्या खेपेला तो इथे थांबला. असे का होते, याची माहिती याच खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आहे, आणि ती वाचल्यावर ही पॉवर बँक मला सुरुवातीला वाटली तितकी वाईट वाटली नाही. ही मी स्वतः विकत घेतली आहे, कंपनीने पाठवलेली नाही."

हे साधारण 60 शब्द आहेत, म्हणजे सावकाश बोललात तरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतात. यात एकही विशेषण स्तुतीचे नाही. "वाईट" हा एक शब्द आहे, पण तोही पुढे काय निघणार याची वाट पाहायला लावतो.

उनाड_भिंगरी

मला दोन गोष्टी पटल्या नाहीत. एक म्हणजे, पहिल्या दहा सेकंदांतच "दोनदा होत नाही" हे सांगून टाकले, तर उरलेला व्हिडिओ कोण पाहणार? माझा अनुभव असा आहे की उत्तर शेवटच्या मिनिटापर्यंत हातचे राखून ठेवले तर पाहण्याचा एकूण वेळ वाढतो. दुसरे म्हणजे, कंपनी 10,000 एमएएच छापते आणि 31 वॅट-तासांना 5 व्होल्टने भागले तर 6,200 एमएएचच बाहेर येतात. ही सरळ फसवणूक आहे. शीर्षकातच "10,000 सांगून 6,200 दिले" असे लिहावे. स्तुती नको म्हणता, तर निंदा तरी जोरात करा. त्यातही लोक टिकतात.

मोजपट्टी

भागाकार बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. 10,000 एमएएच ही आतल्या लिथियम घटाची क्षमता असते आणि ती घटाच्या 3.7 व्होल्टला मोजलेली असते. 10,000 एमएएचला 3.7 ने गुणले की 37 वॅट-तास होतात. फोनला देताना पॉवर बँक तो दाब 5 किंवा 9 व्होल्टपर्यंत चढवते. दाब चढला की त्याच ऊर्जेत एमएएचचा आकडा कमी होतो, आणि चढवण्याच्या प्रक्रियेत थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते ती वेगळी. म्हणून 37 पैकी 31 वॅट-तास बाहेर आले, म्हणजे साधारण 84 टक्के, तर ती पॉवर बँक नीट काम करते आहे. त्यापुढे फोनही स्वतःच्या चार्जिंगमध्ये काही ऊर्जा घालवतो. 5,000 एमएएचच्या फोनमध्ये 19 वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा साठते, पण ती साठवायला बाहेरून साधारण 22 वॅट-तास द्यावे लागतात. 31 ला 22 ने भागा, 1.4 येतात. कोरी_पाटी यांच्या फोनने एक पूर्ण आणि 41 टक्के दाखवले, तेही याच्याशी जुळते.

त्यामुळे "10,000 सांगून 6,200 दिले" हे शीर्षक खपेल, पण जाणकार प्रेक्षक पहिल्याच प्रतिसादात ते खोडून काढेल, आणि त्याचे म्हणणे खरे असेल. अवाजवी निंदा आणि अवाजवी स्तुती यांची तपासणी एकाच प्रकारे होते: वाक्यातला आकडा कोणत्या परिस्थितीतला आहे ते विचारायचे. तुमच्या वाक्यात 10,000 हा आकडा 3.7 व्होल्टचा आहे आणि 6,200 हा 5 व्होल्टचा.

कोरी_पाटी, खोक्याच्या मागे "रेटेड आउटपुट" किंवा तत्सम नावाने आणखी एक आकडा असेल. तो इथे द्याल का?

कोरी_पाटी

पाहिले. मागे अगदी बारीक अक्षरांत लिहिले आहे: "37 वॅट-तास. निर्धारित क्षमता 6,000 एमएएच, 5 व्होल्टला." म्हणजे मी मोजलेले 6,200 हे कंपनीने स्वतः मान्य केलेल्या आकड्यापेक्षा थोडे जास्तच आहेत!

मोजपट्टी

हाच तुमच्या व्हिडिओचा मधला भाग. मागच्या बाजूला खरे छापले आहे, आणि पुढच्या बाजूला "दोनदा" असे छापले आहे, जे 5,000 एमएएचच्या फोनला लागू होत नाही. 3,300 किंवा 3,500 एमएएचच्या लहान फोनला कदाचित होईल, पण पुढच्या बाजूला फोनची क्षमता लिहिलेलीच नाही. म्हणजे दोष वस्तूत नाही, दाव्यात आहे. प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या मिनिटात वाटते की वस्तू खराब निघाली. तिसऱ्या मिनिटाला त्याचे मत फिरते, आणि ते तुमच्या आवाजातल्या चढउतारामुळे फिरत नाही, खोके उलटे केल्यामुळे फिरते. व्हिडिओत जीव येतो तो असा.

उत्तर आधी सांगण्याबद्दल: मी "होत नाही" एवढेच सांगितले आहे. किती होतो, का होत नाही, आणि मग घ्यावी की नाही, या तीन गोष्टी मागे ठेवल्या आहेत. प्रेक्षकाला काहीतरी हातात द्यायचे आणि त्यातूनच पुढचा प्रश्न निघेल असे पाहायचे. शेवटपर्यंत काहीच न देता "पाहत राहा, शेवटी मोठा धक्का आहे" असे म्हणत राहिलो, तर पाहणारा माणूस बोटाने पुढे ढकलत शेवटच्या मिनिटावर जातो.

तळघर

मी या वादात आलेखाच्या बाजूने दोन शब्द बोलतो. यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रत्येक व्हिडिओचा प्रेक्षक टिकून राहण्याचा आलेख मिळतो, आणि पहिल्या 30 सेकंदांनंतर किती टक्के लोक उरले, हे तिथे वेगळे लिहून येते. माझ्या परीक्षणांच्या आलेखात दोन खड्डे हमखास असतात. पहिला स्वागताच्या जागी असतो. वाहिनीचे नाव, बोधचिन्ह, सबस्क्राइब करण्याची विनंती, म्हणजे नमनालाच घडाभर तेल. दुसरा खड्डा खोके उघडण्याच्या दृश्यात, केबल आणि माहितीपत्रक एकेक करून दाखवताना येतो. उलट, काही जागी आलेख वर चढतो, म्हणजे लोक मागे जाऊन तो भाग पुन्हा पाहतात. माझ्या बाबतीत तो उंचवटा बहुतेक वेळा मोजणीच्या आकड्यावर असतो. आकडा पडद्यावर फार थोडा वेळ राहिला असेल तर हटकून.

उनाड_भिंगरी यांचे म्हणणे मात्र मी पूर्ण फेटाळणार नाही. निष्कर्ष आधी सांगितलेले माझे व्हिडिओ एकूण कमी वेळ पाहिले गेले आहेत, हे खरे आहे. पण ते विषयही वेगळे होते, त्यामुळे कारण तेच होते असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

उनाड_भिंगरी

व्होल्टचा मुद्दा मान्य, फसवणूक हा शब्द मागे घेतो. उत्तर राखून ठेवण्याचा मुद्दा मात्र मागे घेत नाही. लांब व्हिडिओत शेवटाकडे काही मोठे शिल्लक असलेच पाहिजे.

मोजपट्टी

शिल्लक असावेच, पण ते काय आहे हे सुरुवातीला स्पष्ट सांगितलेले असावे. "कुणी घ्यावी आणि कुणी घेऊ नये ते शेवटी सांगते" असे म्हटले आणि शेवटी खरोखर तेच सांगितले, तर माझी हरकत नाही. यापलीकडे आपण दोघे सहमत होऊ असे वाटत नाही.

सुईदोरा

मी शिवणयंत्रांवर व्हिडिओ करते, त्यामुळे माझा विषय थोडा वेगळा आहे, पण अडचण याच धाग्यात बसेल. एका कंपनीने मला यंत्र विनामूल्य पाठवले आहे. पैसे दिलेले नाहीत, पण व्हिडिओ प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यांना दाखवावा, आणि "सुधारणेला वाव" असलेल्या गोष्टी शेवटी एकत्र सांगाव्यात, अशी विनंती पत्रात आहे. यंत्र पातळ कापडावर सुरेख चालते, पण जाड कापडाचे चार थर एकत्र आले की टाके सुटतात. हे शेवटी सांगितले तर ते खोटे ठरते का?

मोजपट्टी

खोटे ठरत नाही, पण अर्धवट ठरते. तुमच्या व्हिडिओत ज्या मिनिटाला तुम्ही "कोणते कापड चालते" हे दाखवता, त्याच मिनिटाला चार थरांचे टाके दिसले पाहिजेत. पातळ कापडाचा तुकडा पाहून एखाद्याने मन बनवले आणि व्हिडिओ बंद केला, तर शेवटचे दोन मिनिटांचे तोटे त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. तळघर यांनी सांगितलेला आलेख इथे उपयोगी आहे: शेवटच्या भागात पोचणारे लोक नेहमीच सुरुवातीपेक्षा पुष्कळ कमी असतात. कंपन्या तोटे शेवटी मागतात ते याच कारणाने असावे, असा माझा कयास आहे.

या कारणासाठीच मी "फायदे" आणि "तोटे" असे वेगळे कप्पे ठेवत नाही. कप्पे केले की ते भरावे लागतात. तीन फायदे लिहिले म्हणून तीन तोटे शोधले जातात, मग "आणखी रंग हवे होते" असा तोटा जन्माला येतो, जो कुणाच्याच निर्णयाला कामाचा नसतो.

प्रसिद्धीपूर्वी दाखवण्याबद्दल: वस्तुस्थितीची चूक दाखवून दिली तर दुरुस्त करीन, मताला हात लावू देणार नाही, एवढे लेखी कळवा. चित्रफीत पाठवण्याऐवजी फक्त तांत्रिक आकड्यांची यादी तपासायला पाठवली तरी चालते. आणि यंत्र विनामूल्य मिळाले आहे, हे पहिल्या मिनिटात तोंडाने सांगा. व्हिडिओ चढवताना सशुल्क प्रसिद्धीचा पर्याय असतो, तो निवडला की सुरुवातीला पडद्यावर सूचना दिसते. पण ती सूचना पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि वर्णनातली ओळ तर क्वचितच कुणी वाचते. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. यंत्र परत द्यायचे आहे की ठेवायचे आहे, हेही सांगा. दोन्हींत फरक आहे.

सुईदोरा

परत द्यायचे नाही. हे सांगायला हवे असे माझ्या मनातही आले नव्हते. कंपनीला लिहिते. नाही म्हणाले तर यंत्र परत पाठवावे लागेल, आणि ते मला खरोखर आवडले आहे, त्यामुळे थोडी कुचंबणा होते आहे.

तळघर

आवडले आहे हेही व्हिडिओत सांगता येईल की. फक्त "आवडले" याच्या पुढे "कशासाठी" हे लिहा.

कोरी_पाटी

सर्वांच्या सूचना लक्षात घेऊन खोके उघडण्याचा भाग पुन्हा लिहिला आहे. स्वागत काढून टाकले.

दृश्य: खोके एका सलग चित्रणात उघडले जाते. तिन्ही वस्तू एकदम टेबलावर.

निवेदन: "आत पॉवर बँक, एक केबल आणि माहितीपत्रक आहे. केबल वीतभर आहे. फोन खिशात आणि पॉवर बँक पिशवीत ठेवून चार्ज करायचा असेल, तर ही पुरणार नाही. भिंतीत लावायचा चार्जर आत नाही आणि खोक्यावर तसे म्हटलेलेही नाही. आता खोके उलटे करू."

दृश्य: मागची बाजू. बारीक अक्षरे मोठी करून दाखवली आहेत. "6,000 एमएएच, 5 व्होल्टला" ही ओळ चार सेकंद स्थिर.

निवेदन: "पुढे मोठ्या अक्षरांत 10,000. मागे बारीक अक्षरांत 6,000. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला आकडा आतल्या घटाचा आहे, दुसरा फोनपर्यंत पोचणाऱ्या विजेचा. मीटरवर मला 6,200 मिळाले, म्हणजे मागच्या बाजूने दिलेला शब्द पाळला गेला आहे. पुढच्या बाजूने दिलेला पाळला गेला नाही."

एक शंका आहे. खोके पहिल्यांदा उघडताना मी चित्रण केले होते, पण ते थोडे अंधुक आले आहे. वस्तू पुन्हा खोक्यात भरून, वेष्टन नीट लावून पुन्हा चित्रण केले तर चालेल का? निवेदन तर मी वापरानंतरच लिहिले आहे.

मोजपट्टी

हा भाग चांगला जमला आहे. केबलचे वाक्य मला विशेष आवडले, कारण "केबल आखूड आहे" एवढ्यावर न थांबता कुणाला आखूड पडेल ते तुम्ही सांगितले आहे. फक्त 6,200 या आकड्याबरोबर पडद्यावर मोजणीची परिस्थिती लिहा: किती व्होल्ट, किती अँपिअर. जास्त वॅटने वीज ओढली तर वाया जाणारी ऊर्जा वाढते आणि आकडा खाली येतो. परिस्थिती बोलून दाखवलीत तर वाक्य जड होईल, म्हणून ती पडद्यावरच ठेवा. एकाच वस्तूवर आणि एकाच मीटरने मोजले आहे, हे मात्र एकदा तोंडाने सांगा.

पुन्हा भरून चित्रण करण्याला माझी हरकत नाही, पण मग पहिल्यांदा पाहिल्याचे आश्चर्य चेहऱ्यावर आणू नका.

ऊन_सावली

मी इथे असहमत आहे. अनबॉक्सिंग म्हटले की प्रेक्षक असे धरून चालतो की खोके पहिल्यांदाच उघडले जात आहे. पुन्हा भरलेले खोके दाखवण्यापेक्षा, अंधुक असले तरी मूळ चित्रणच वापरावे. आत काही तुटलेले किंवा कमी निघाले, तर तो पुरावाही मूळ चित्रणातच असतो.

तळघर

दोन्ही वापरता येतील. मूळ चित्रण सलग दाखवावे, आणि जवळून दिसणारे तुकडे नंतर घेतले आहेत असे पडद्याच्या कोपऱ्यात लिहावे. पण तसे लिहिले की दृश्याचा ओघ तुटतो, हेही मला मान्य आहे. मी स्वतः अजून एकाच पद्धतीवर ठाम झालेलो नाही.

उनाड_भिंगरी

जलद चार्जिंगचे काय झाले? ते या सगळ्यात हरवले. 22.5 वॅट छापले आहे आणि 18 मिळतात.

मोजपट्टी

बरी आठवण केली. तिथेही घाई नको. 22.5 हा त्या पॉवर बँकेचा कमाल आकडा आहे आणि तो विशिष्ट चार्जिंग पद्धती समजणाऱ्या फोनलाच मिळतो. कोरी_पाटी यांचा फोन 18 वॅटच मागत असेल, तर पॉवर बँकेला दोष देता येणार नाही. फोनची मर्यादा किती आहे ते त्याच्या तांत्रिक माहितीत पाहून मगच वाक्य लिहावे. त्यापेक्षा दुसरा फोन जोडल्यावर 9 व्होल्टवरून 5 वर येणारा आकडा अधिक मोलाचा आहे, कारण तो कुठल्याही दोन फोनधारकांच्या अनुभवाला येईल. ते दृश्य न कापता दाखवा: मीटर पडद्यावर, हात दुसरी केबल जोडतो, आकडा पडतो. त्या चार-पाच सेकंदांत काहीही बोलू नका.

कोरी_पाटी

फोनची तांत्रिक माहिती पाहिली. तो 18 वॅटपर्यंतच घेतो. त्यामुळे 22.5 चा दावा मला तपासता आलेला नाही, असे सरळ सांगणार आहे. निष्कर्ष असा लिहिला आहे:

"दिवसभर बाहेर असताना एक फोन एकदा पूर्ण भरायचा आणि संध्याकाळी थोडा आधार हवा, एवढीच गरज असेल तर ही पॉवर बँक पुरते. दोन माणसांचे दोन फोन एकाच वेळी लवकर चार्ज करायचे असतील तर घेऊ नका. दुसरी केबल जोडताच वेग निम्म्याहून खाली येतो. 22.5 वॅट मिळतात का ते माझ्या फोनवर तपासता आले नाही. वर्षभराच्या वापरानंतर क्षमता किती उरेल, हे आज सांगता येत नाही."

आधी यापुढे "एकंदरीत एक उत्तम पर्याय" असे होते. ते आता काढले आहे, पण शेवट फार अचानक होतो असे वाटते.

मोजपट्टी

अचानक होऊ द्या. फक्त वाक्यांचा क्रम बदला: "घेऊ नका" हे वाक्य शेवटी ठेवा आणि तपासता न आलेल्या दोन गोष्टी त्याच्या आधी सांगा. आता आहे तसे ठेवले, तर ऐकणाऱ्याच्या कानात शेवटी तुमची शंका राहते, निर्णय राहत नाही. "निम्म्याहून खाली" हे तुमच्या आकड्यांशी जुळते, तेव्हा ते राहू द्या.

सुईदोरा

कंपनीचे उत्तर आले. आकड्यांची यादी तपासून देतील, व्हिडिओ आधी पाहण्याचा आग्रह सोडला आहे. तोटे शेवटी घेण्याबद्दल मात्र पुन्हा "कृपया विचार व्हावा" असे लिहिले आहे. चार थरांच्या कापडाचे दृश्य मी तिसऱ्या मिनिटाला, पातळ कापडाच्या लगेच पुढे ठेवले आहे. एक विचारायचे राहिले: सुई बदलल्यावर टाके थोडे सुधारतात. जाड कापडाची सुई यंत्रासोबत आलेली नाही. मग दृश्य कोणत्या सुईने दाखवावे?

मोजपट्टी

दोन्हींनी. आधी खोक्यातल्या सुईने, कारण ग्राहकाच्या हातात पहिल्या दिवशी तीच असेल. मग बदललेल्या सुईने, सुईचा क्रमांक पडद्यावर लिहून, आणि ती वेगळी घ्यावी लागते हे सांगून. सुधारणा किती झाली ते शब्दांत सांगू नका. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून टाके जवळून दाखवा.